पोटरी लवते, पण ताकद शाबूत: या भीतीमागचा इतिहास

पोटरी लवू लागली की अनेकांना भीती वाटते ती मोटर न्यूरॉन डिसीजची, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराची. मांस उडणं आणि हा आजार यांची सांगड घातली गेली ती १९व्या शतकात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६९ पासून या आजाराचं वर्णन मांडलं. त्यात हातापायांचं मांस झडत जातं, ताकद जाते, अंग कडक होतं आणि उरलेलं मांस कातडीखाली सतत लवत राहतं. निरीक्षण अचूक होतं. पण हे रुग्ण दवाखान्यात पोहोचले होते ते हात लुळा पडला म्हणून. केवळ पोटरी लवते आणि बाकी सगळं ठणठणीत आहे, असा माणूस तिथे कशाला जाईल? त्यामुळे पुढच्या कित्येक डॉक्टरांच्या मनात लवणं म्हणजे तोच आजार असं समीकरण बसलं.

ते सुटायला सुईची तपासणी, म्हणजे ईएमजी, यावी लागली. १९३८ मध्ये डेनी-ब्राउन आणि पेनीबेकर यांनी स्नायूत सुई घालून विजेचे संकेत टिपले आणि दोन गोष्टी वेगळ्या केल्या. नस तुटल्यावर स्नायूचा एकेकटा तंतू थरथरतो, त्याला फायब्रिलेशन म्हणतात. ते कातडीवरून दिसत नाही, फक्त यंत्रावर उमटतं. आपल्याला दिसतं ते फॅसिक्युलेशन, म्हणजे एका चेतापेशीला जोडलेले सगळे तंतू एकदम उडणं. पोटरीत एका पेशीकडे हजाराच्या वर तंतू असू शकतात, म्हणून तिथलं उडणं एवढं ठळक दिसतं. तंतूंना उडवणारी विजेची ठिणगी नसेच्या टोकाकडच्या बारीक फांद्यांतही पडू शकते. थकवा, जागरण, चहा-कॉफी, मनावरचा ताण यांनी त्या फांद्या चिडतात. पेशी मरायला लागल्यावर मात्र त्या उडण्यासोबत मांसही झडतं. १९४८ मध्ये डेनी-ब्राउन आणि फोली यांनी निरुपद्रवी लवण्याची स्वतंत्र नोंद केली.

तरी प्रश्न उरलाच: आज निरुपद्रवी वाटणारं उद्या उलटलं तर? त्याचं ठोस उत्तर १९९३ मध्ये मेयो क्लिनिकमधून आलं. लवण्याची तक्रार असलेल्या, पण तपासणीत दुर्बलता न आढळलेल्या १२१ जणांचा तिथे २ ते ३२ वर्षं मागोवा घेतला होता. त्यातल्या एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची नोंद हीच.

आता आपल्याकडचं एक कल्पित उदाहरण घेऊ. परभणीजवळच्या गावातला चोवीस वर्षांचा मुलगा पोलीस भरतीच्या तयारीला लागला आहे. पहाटे १६०० मीटर धावतो, रात्री एकपर्यंत अभ्यास करतो, दिवसभर चहा चालूच. दोन महिन्यांपासून दोन्ही पोटऱ्या लवतात, मधूनच दंडही. मोबाइलवर वाचून तो घाबरतो, आणि घाबरल्यावर लवणं वाढतं. छत्रपती संभाजीनगरातले मेंदूविकारतज्ज्ञ त्याला आधी टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतात, मग एका पायावर उड्या मारायला. तो सहज करतो. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस भरलेलं आहे, जीभ तोंडात सैल ठेवल्यावर स्थिर आहे, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय नेहमीइतकाच उडतो. रक्तात कॅल्शियम, मॅग्नेशियम, थायरॉइड ठीक. सीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात झिरपणारं विकर, थोडं वाढलेलं, पण कालच्या धावण्यानेही ते वाढतं. ईएमजीत पोटरीत फॅसिक्युलेशन सापडतात, पण फायब्रिलेशन नाही आणि बाकीचे संकेत नेहमीच्या आकाराचे. इथे चिंता संपते.

ईएमजीचा हा शेवटचा मुद्दा मोटर न्यूरॉन डिसीजच्या निदानासाठीच्या २००८ च्या अवाजी निकषांनी आणखी महत्त्वाचा केला. त्यांनी ईएमजीतल्या फॅसिक्युलेशनला निदानात मोठं वजन दिलं, पण त्याच स्नायूत नसेचं जुनं नुकसान दिसत असेल तरच. नुसतं ‘फॅसिक्युलेशन सापडलं’ एवढी ओळ रिपोर्टमध्ये वाचून कोणी हादरू नये.

पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं लवणं मात्र काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावं, कारण क्वचित ते दुर्बलतेच्या आधी दिसल्याच्या नोंदी आहेत. शर्टाची बटणं लागेनात, चप्पल पायातून निसटू लागली, एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक दिसू लागली, बोलणं जड झालं किंवा पाण्याचा ठसका वारंवार लागू लागला, तर थांबू नये.

आणि आपल्या कापूसपट्ट्यात एक वेगळी शक्यता कायम लक्षात ठेवायला हवी. मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक फवारल्यानंतर काही तासांत अंगभर मांस उडू लागलं, सोबत लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा धाप असेल, तर ती विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवावं आणि कीटकनाशकाची बाटली सोबत घेऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठावं. तिथे यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, मिळतं.