भूगोलात स्थानिक वेळेच्या गणिताला मार्क कापले? रिचेकिंगचा अर्ज करण्याआधी आपलं उत्तर तपासा

दहावीचा निकाल लागला की पुण्यात हा प्रश्न दरवर्षी येतो. मुलगा म्हणतो की माझं रेखावृत्तावरून वेळ काढायचं गणित बरोबर होतं तरी मार्क दिले नाहीत, आईवडील म्हणतात टाक रिचेकिंगला, मग भलताच अर्ज भरला जातो आणि महिन्याभराने 'गुणांत बदल नाही' असं उत्तर येतं. बहुतेक वेळा यात अन्याय वगैरे काही नसतो, चुकीचा अर्ज केलेला असतो नाहीतर उत्तरच चुकलेलं असतं.

आधी अर्जाचं बघू. ज्याला आपण सरसकट रिचेकिंग म्हणतो त्यात मंडळाच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत: गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन. गुणपडताळणीत कोणीही तुमचं उत्तर परत वाचत नाही. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच बघतात. त्यामुळे 'मला या गणिताला २ ऐवजी ० दिलाय' ही तक्रार असेल तर गुणपडताळणीचा काडीचा उपयोग नाही, आणि लोक नेमकी तीच करतात कारण ती स्वस्त असते. २०२४ ला गुणपडताळणी विषयाला ५० रुपये, छायाप्रत ४०० आणि पुनर्मूल्यांकन ३०० असं होतं, यंदाचा आकडा निकालासोबतच्या परिपत्रकात बघून घ्या.

पुनर्मूल्यांकन हवं असेल तर छायाप्रत आधी घ्यावीच लागते, थेट अर्ज होत नाही. मुदतीतही घोळ होतो. छायाप्रतीसाठी निकालानंतर साधारण पंधरा दिवस असतात, पण पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत मिळाल्या दिवसापासून कामकाजाचे पाच दिवस. निकालाच्या दिवसापासून मोजू नका, आणि छायाप्रत ईमेलवर आली असेल तर ती इनबॉक्समध्ये पडल्यापासून मुदत सुरू झाली असं धरा, तुम्ही उघडली कधी ते कोणी विचारत नाही. म्हणून स्पॅम फोल्डर रोज बघा बाबांनो. बाकी बैठक क्रमांक, चालू मोबाईल नंबर, स्वतःचा ईमेल (सायबर कॅफेवाल्याचा नको) आणि ऑनलाइन पैसे भरायची सोय, बास. हो, सामाजिक शास्त्रात इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल हे ४०-४० चे दोन वेगळे पेपर आहेत, इतिहासाची प्रत मागवून बसू नका.

आता छायाप्रत हातात आली. पुढचे पैसे भरायच्या आधी आपलं उत्तर स्वतः तपासा, कारण या गणितात उत्तर साधारण बरोबर वाटतं आणि चूक मधेच कुठेतरी लपलेली असते.

उदाहरण घेऊ. पुणे ७३°५१′ पूर्व, ब्राझिलिया ४७°५३′ पश्चिम. पुण्यात सोमवारी सकाळचे ६ वाजलेत, तर ब्राझिलियात स्थानिक वेळ काय? एक पूर्वेला एक पश्चिमेला, म्हणजे मधे मूळ रेखावृत्त येतं आणि बेरीज करायची. दोन्ही एकाच बाजूला असती तर वजाबाकी. ७३°५१′ + ४७°५३′ = १२१°४४′. एक अंश म्हणजे घड्याळाची ४ मिनिटं, आणि एक कला (तो ′ खुणेवाला भाग) म्हणजे ४ सेकंद. १२१ × ४ = ४८४ मिनिटं, ४४ × ४ = १७६ सेकंद म्हणजे २ मिनिटं ५६ सेकंद. एकूण ४८६ मिनिटं ५६ सेकंद, म्हणजे ८ तास ६ मिनिटं ५६ सेकंद. ब्राझिलिया पश्चिमेला म्हणून वेळ मागे, तिथे रविवारी रात्रीचे ९ वाजून ५३ मिनिटं ४ सेकंद.

तुमच्या कागदावरच्या उत्तरावरूनच बहुतेक वेळा कळतं की चूक कुठे झाली. फरक १ तास ४३ मिनिटं ५२ सेकंद आला असेल तर बेरजेऐवजी वजाबाकी केलीय. पुणे आणि ब्राझीलमधे पावणेदोन तासांचा फरक कसा असेल, तिथे थांबून एकदा जगाचा नकाशा डोळ्यासमोर आणायला हवा होता. फरक ८ तास ४ मिनिटं १६ सेकंद आला असेल तर ही सगळ्यात फसवी चूक: ५१ आणि ५३ मिळून १०४ होतात, त्यातले ६० गेले की १ अंश हातचा आणि ४४ उरतात, पण पोरं १०० ला हातचा घेतात आणि १२१°०४′ लिहितात. उत्तर बरोबर २ मिनिटं ४० सेकंदांनी कमी येतं. आणि ८ तास ५ मिनिटं ४६ सेकंद आला असेल तर १२१.४४ असं दशांश समजून ४ ने गुणलंय. या तिन्हीत परीक्षकांनी मार्क कापले तर त्यांची काही चूक नाही, तुमचे ३०० रुपये वाचवा.

एक उत्तर मात्र वेगळं बघावं लागतं, ते म्हणजे बरोब्बर ८ तास ३० मिनिटं. हा प्रमाणवेळेतला फरक आहे: भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्वेवरून, ब्राझिलियाची ४५° पश्चिमेवरून, १२७°३०′ गुणिले ४ म्हणजे ५१० मिनिटं. प्रश्नात 'स्थानिक वेळ' असं छापलं असेल आणि रेखांश दिले असतील तर हे उत्तर चूक. प्रश्नपत्रिका शोधा आणि नेमका शब्द बघा, आठवणीवर जाऊ नका.

यावरूनच उत्तर खात्रीने तपासायची एक युक्ती निघते. पुणे ८२°३०′ च्या ८°३९′ पश्चिमेला, म्हणून पुण्याची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३४ मिनिटं ३६ सेकंद मागे. ब्राझिलिया ४५° च्या २°५३′ पश्चिमेला, म्हणून तिथली ११ मिनिटं ३२ सेकंद मागे. दोन्हीतला फरक २३ मिनिटं ४ सेकंद, तो ८ तास ३० मधून वजा करा, परत ८ तास ६ मिनिटं ५६ सेकंदच येतात. दोन वाटांनी एकच आकडा आला की मनात शंका ठेवायचं कारण नाही.

मग पुनर्मूल्यांकनाला जायचं कधी? एक म्हणजे उत्तर पूर्ण बरोबर आणि मार्क नाहीत किंवा कमी. दुसरं म्हणजे बेरीज-वजाबाकी, अंशाचे फरक, ४ ने गुणणं या पायऱ्या बरोबर पण शेवटी वार चुकला किंवा पुढे-मागे उलटं झालं, आणि तरी सरसकट शून्य दिलंय. दुसऱ्यात पायऱ्यांचे मार्क मिळतीलच असं नाही, म्हणून आधी शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकांना छायाप्रत दाखवा आणि ते किती मार्क देतील ते प्रश्नाशेजारी लिहून घ्या. मे-जूनमधे शिक्षक गावी असतात आणि मुदत पाच दिवसांची, त्यामुळे छायाप्रत मागवतानाच त्यांना फोन करून ठेवा, आणि पुनर्मूल्यांकनाचा विहित नमुना शाळेकडून घेऊन त्यावर कुठे कोणाच्या सह्या मागितल्यात ते त्याच दिवशी वाचा. आणि उत्तर छान बरोबर आहे, पण समोर मार्कच लिहिलेला नाही किंवा पहिल्या पानावरच्या बेरजेत तो धरलेला नाही असं दिसलं, तर मात्र ती ५० रुपयांची गुणपडताळणीच पुरते, फक्त तिचीही तारीख छायाप्रतीच्या अर्जासोबतच संपते, म्हणून छायाप्रत यायला वेळ लागेल असं वाटलं तर दोन्ही अर्ज एकदमच टाकलेले बरे.

अकरावीचा फॉर्म यासाठी अडवून ठेवू नका. तो आता हातात आहेत त्या मार्कांवरच भरा.