पैशाची एबीसी आणि पावलांची एबीसी

गोदामाची मांडणी बदलायचं ठरलं की कुणीतरी म्हणतं, “मालाची एबीसी वर्गवारी तर आपल्याकडे आहेच, सिस्टिममध्ये प्रत्येक मालापुढे लिहिलेलं आहे.” मग त्या रकान्यावरून ‘ए’ माल गाड्या भरायच्या डॉकजवळ येतो, ‘सी’ माल मागच्या रॅकवर जातो, दोन दिवस फोर्कलिफ्ट फिरते, आणि ऑर्डरचा माल गोळा करणारे पिकर पूर्वीपेक्षा जास्त चालू लागतात. हिशेबात चूक नसते. यादीच वेगळ्या प्रश्नाची असते.

सिस्टिममध्ये आधीपासून असलेली एबीसी बहुधा मूल्याची असते. जनरल इलेक्ट्रिकच्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ही पद्धत मांडली ती साठ्यात अडकलेल्या पैशासाठी. वर्षाचा खप गुणिले एका नगाचं मूल्य काढायचं, उतरत्या क्रमाने लावायचं, आणि ज्या थोड्या मालात बहुतेक पैसा आहे त्याला ‘ए’, मधल्याला ‘बी’ आणि उरलेल्याला ‘सी’ म्हणायचं. कोणता माल वारंवार मोजायचा, कशाची मागणी बारकाईने नोंदवायची, कशाचा जादा साठा ठेवायचा नाही, हे त्यावरून ठरतं. माल कुठे ठेवायचा हा तिचा विषयच नाही.

स्लॉटिंगसाठी, म्हणजे कोणता माल कोणत्या खणात ठेवायचा हे ठरवण्यासाठी, लागणारी एबीसी एकच गोष्ट विचारते: या मालाच्या जागेपाशी पिकर किती वेळा गेला? तो मोटर उचलायला गेला की वॉशर, चालण्याचं अंतर तेवढंच. त्यामुळे इथे मूल्याला शून्य वजन आहे. किती नग उचलले यालाही जवळपास शून्यच, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त जणांच्या नजरेतून सुटते.

सुट्या भागांचं एक छोटं गोदाम कल्पनेने घेऊ. एकच गल्ली आहे, तोंडाशी डॉक, आणि डॉकपासून ५, १०, १५, २०, २५ आणि ३० मीटरवर सहा खण. मालही सहाच. एका वॉशरचं मूल्य १ धरून बाकीची मूल्यं त्या मानाने दिली आहेत. ‘ओळी’ म्हणजे ऑर्डरमधल्या ओळी. एका ओळीसाठी पिकरला त्या खणापाशी एकदा जावं लागतं.

| माल | महिन्याचे नग | एका नगाचं मूल्य | एकूण मूल्य | ओळी |
|---|---|---|---|---|
| मोटर | ४० | ५,००० | २,००,००० | २० |
| पंप | ३० | ३,००० | ९०,००० | २५ |
| बेअरिंग | ६०० | १०० | ६०,००० | १५० |
| ऑइल सील | ९०० | २० | १८,००० | ३०० |
| बोल्टची पाकिटं | २,००० | ५ | १०,००० | ४०० |
| वॉशर | ५,००० | १ | ५,००० | ५ |

मूल्याने पाहिलं तर मोटर आणि पंप मिळून तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त होतात, म्हणजे ते ‘ए’. ओळींनी पाहिलं तर ९०० पैकी ७०० ओळी बोल्ट आणि ऑइल सील यांच्या आहेत. पैशाच्या यादीत हेच दोघे तळाकडे होते. गंमत वॉशरची आहे: नग सगळ्यांत जास्त, ओळी सगळ्यांत कमी. तो हजार-हजारांच्या खोक्यांनी जातो, म्हणून महिन्यात पाचच वेळा कुणी त्याच्याकडे फिरकतं.

आता चालणं मोजू. सोपं जावं म्हणून प्रत्येक ओळीसाठी डॉकपासून खणापर्यंत एक फेरी, जाऊन-येऊन, असं धरू. टेबलातला क्रम मूल्याचाच आहे. तोच लावला, म्हणजे मोटर ५ मीटरवर आणि वॉशर ३० मीटरवर ठेवला, तर महिन्याचं चालणं ३७.५ किलोमीटर होतं. त्यातले २० किलोमीटर एकट्या बोल्टचे, कारण ४०० वेळा २५ मीटर जायचं आणि तितकंच परत यायचं. नगांच्या क्रमाने लावलं तर वॉशर पुढे येतो, बोल्ट दुसऱ्या खणात जातात, आणि एकूण २५.५५ किलोमीटर होतात. ओळींच्या क्रमाने, म्हणजे बोल्ट, सील, बेअरिंग, पंप, मोटर, वॉशर असं लावलं तर १६.८ किलोमीटर. पहिल्या मांडणीच्या निम्म्याहूनही कमी.

नगांची मांडणी जास्त फसवी आहे. मूल्याची चूक दोन आठवड्यांत पिकरच सांगतात. नगांच्या मांडणीने मात्र चालणं खरंच कमी झालेलं असतं, त्यामुळे पुढच्या पहिल्या खणात पाच ओळींचा माल बसला आहे याकडे कुणी पाहत नाही.

स्प्रेडशीटमध्ये दोन्हींतला फरक एका फॉर्म्युलाइतका आहे. समजा `Lines` या शीटवर प्रत्येक ऑर्डर ओळ एका रांगेत आहे, `B` रकान्यात मालाचा कोड आणि `D` मध्ये ओळीचं मूल्य; आणि आपल्या यादीच्या शीटवर `A2` मध्ये ज्या मालाचा हिशेब करायचा त्याचा कोड. पहिला फॉर्म्युला पैशाची यादी देतो, दुसरा पावलांची:

```
=SUMIF(Lines!B:B, A2, Lines!D:D)
=COUNTIF(Lines!B:B, A2)
```

मोजण्याआधी रद्द झालेल्या ओळी काढाव्यात. ज्या ओळी पूर्ण पॅलेट म्हणून थेट राखीव साठ्यातून जातात त्याही काढाव्यात, कारण पिकर त्या मालाच्या खणापाशी गेलेलाच नसतो. उलट, एकाच ओळीसाठी दोनदा जावं लागलं असेल तर दोन फेऱ्या धराव्यात.

ओळींची यादी तयार झाली तरी ती डोळे मिटून लावता येत नाही, कारण वरच्या उदाहरणात मी एक सोय करून घेतली आहे: प्रत्येक मालाला एकच खण. खऱ्या गोदामात फुगीर माल जागा खातो. समजा फोमच्या पॅकिंगच्या ३०० ओळी आहेत, पण त्याला तीन खण लागतात. बेअरिंगच्या १५० ओळी, खण एक. ओळींच्या क्रमाने फोम पुढे येईल आणि ५, १० व १५ मीटरचे खण व्यापेल. त्याचं सरासरी अंतर १० मीटर, म्हणजे एका बाजूचं चालणं ३,००० मीटर. बेअरिंग २० मीटरवर ढकललं गेलं की त्याचेही ३,०००. एकूण ६,०००. उलट केलं तर बेअरिंग ५ मीटरवर येतं, ७५० मीटर. फोमचं सरासरी अंतर १५ होतं, ४,५०० मीटर. एकूण ५,२५०. ओळी निम्म्या असूनही बेअरिंगच पुढे हवं.

म्हणून खरी तुलना दर खणामागच्या ओळींची: फोमच्या १००, बेअरिंगच्या १५०. जे. एल. हेस्केट यांनी १९६३ मध्ये हेच गुणोत्तर उलट्या बाजूने मांडलं: लागणारी जागा भागिले फेऱ्या, आणि ज्याचा आकडा लहान तो माल दाराजवळ. यातून आणखी एक वाट निघते. फोमचा एकच खण पुढे ठेवायचा, बाकीचा साठा मागे, आणि पुढचा खण रिकामा होत आला की भरायचा. तेव्हा जागा एका खणाचीच धरायची आणि फोम बेअरिंगच्या पुढे जातो. मात्र खण भरणाऱ्याचं चालणं त्या हिशेबात यायला हवं. दिवसातून चारदा भरावा लागत असेल तर पिकरचे वाचलेले मीटर दुसऱ्या कुणाच्या पायांवर चढलेले असतात.

दुसरी सोय होती एका फेरीत एकच ओळ. एका ऑर्डरच्या आठ-दहा ओळी पिकर गाडी ढकलत एकाच फेरीत गोळा करत असेल तर अंतर सर्वांत लांबच्या ओळीवर ठरतं. प्रत्येक ऑर्डरमध्ये एखादा ‘सी’ माल असेलच, तर ‘ए’ माल कितीही पुढे आणला तरी शेवटच्या टोकापर्यंत जाणं चुकत नाही. आधी हे पाहावं: किती ऑर्डरी फक्त ‘ए’ मालाने पूर्ण होतात? त्या बऱ्याच असतील तर फायदा मोठा. थोड्याच असतील तर बरोबर जाणारा माल शेजारी ठेवणं किंवा ‘सी’ माल वेगळ्या फेरीत गोळा करणं जास्त उपयोगाचं.

चालण्याचा रस्ताही पाहावा लागतो. अनेक गल्ल्या असतील आणि पिकर एका टोकाने गल्लीत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडत असेल, तर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थोडा थोडा ‘ए’ माल ठेवून काही साधत नाही. गल्लीत शिरलं की ती संपवावीच लागते. तिथे ‘ए’ माल दोन-तीन संपूर्ण गल्ल्यांत एकवटावा, म्हणजे बाकीच्या गल्ल्या वगळता येतात. पिकर तोंडाशी गाडी उभी करून आत जाऊन परत येत असेल तर मात्र गल्लीच्या तोंडाचे खणच मोलाचे. आणि एकवटण्यालाही मर्यादा आहे. एकाच गल्लीत चार गाड्या अडकून उभ्या दिसू लागल्या की अंतर कमी झालेलं असूनही तासाला होणाऱ्या ओळी वाढत नाहीत. अशा वेळी ‘ए’ माल दोन जागी विभागलेला बरा.

मग मूल्याची यादी टाकून द्यायची का? नाही, ती तिच्या मूळ कामासाठी ठेवायची. कोणत्या मालाची मोजणी दर महिन्याला आणि कोणत्याची वर्षातून एकदा, हे तिच्यावरूनच ठरवावं. मोटर कुलपाच्या जाळीत ठेवायची हेही तीच सांगते. ती जाळी डॉकपाशी हवी असं मात्र ती सांगत नाही. गडबड टाळायची तर सिस्टिममध्ये दोन स्वतंत्र रकाने असावेत, आणि स्लॉटिंगच्या रकान्यात अक्षरांऐवजी १, २, ३ लिहावं. जुन्या मांडणीत कोणती यादी वापरली होती ते ओळखणंही अवघड नाही: पुढच्या खणांतला माल आणि हिशेब विभागाच्या महागड्या मालाची यादी जवळजवळ सारखीच निघाली, तर गोदाम पैशाच्या क्रमाने लावलेलं आहे.

ओळींची यादी दर तिमाहीत बदलते, म्हणून दर तिमाहीत सगळं हलवायचं असंही नाही. आपल्या उदाहरणात पंपाच्या २५ ओळी आणि मोटरच्या २०. पुढच्या महिन्यात आकडे उलटले आणि दोघांच्या जागा बदलल्या, तर ५ ओळी गुणिले ५ मीटर, जाऊन-येऊन ५० मीटर वाचतील, तेही महिन्याला. तेवढ्यासाठी फोर्कलिफ्ट सुरू करू नये. तोच उलटफेर बोल्ट आणि पंपात झाला तर मात्र आठवडाभरही थांबू नये.