दर कमी का होत नाही, आणि बिल कधी कमी होऊ शकते

यंत्रांच्या माहितीपुस्तिकांच्या अनुवादाचे दरपत्रक आम्ही पाठवले की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, ‘यात किती कमी होईल?’ प्रश्न रास्त आहे, आणि खरेदी विभागात बसलेल्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. आमचे उत्तर मात्र सहसा ‘दर तोच राहील’ असे असते. ते अडेलतट्टूपणाचे वाटू नये, म्हणून त्यामागचा हिशेब येथे मांडत आहोत.

आमच्या दराचे 100 भाग केले, तर साधारण 45 भाग अनुवादकाला, 20 भाग दुसऱ्या वाचनाला आणि 15 भाग पानांच्या मांडणीला व छपाईपूर्व तपासणीला जातात. उरलेल्या 20 भागांत कार्यालयाचा खर्च आणि आमचा नफा असतो. म्हणजे 20 टक्के सवलत दिली, तर आम्ही कार्यालय स्वतःच्या खिशातून चालवायचे, किंवा कामातला कुठला तरी टप्पा गुपचूप गाळायचा, एवढेच उरते. गाळण्याजोगा सर्वांत सोपा टप्पा दुसरे वाचन हाच असतो, कारण ते झाले नाही हे छापील पुस्तिकेकडे पाहून कोणाच्याही लक्षात येत नाही.

दुसरे वाचन म्हणजे नुसते शुद्धलेखन तपासणे नव्हे. अनुवादकाहून वेगळी व्यक्ती मूळ मजकूर आणि अनुवाद शेजारी ठेवून प्रत्येक वाक्य ताडून पाहते. तासाला सुमारे 1,000 शब्द हा या कामाचा वेग आहे. मोठे काम दिले तर दर उतरेल, अशी अपेक्षा अनेकांची असते. पण शब्द दुप्पट झाले की तासही दुप्पट लागतात, त्यामुळे नुसत्या आकारमानावर आम्ही दर कमी करत नाही.

मध्यंतरी एका ग्राहकाकडून वेष्टन-यंत्राच्या पुस्तिकेचे 30,000 शब्दांचे काम आले. दुसरीकडचा दर 20 टक्क्यांनी कमी असल्याचे त्यांनी कळवले. आम्ही त्या दराबद्दल वाईट बोललो नाही; त्यात दुसरे वाचन धरले आहे का, एवढेच विचारून घेण्यास सुचवले. ते धरलेले नव्हते. मग आम्ही आमच्या गुणवत्तेचे वर्णन न करता, आधीच्या एका कामातली दुसऱ्या वाचनाची खुणा केलेली दोन पाने, ग्राहकाचे नाव झाकून, त्यांना दाखवली. त्यांतल्या एका पानावर मूळ सूचना अशी होती, की झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून पाच मिनिटे थांबावे. अनुवादात ‘उघडण्यापूर्वी’च्या जागी ‘उघडल्यावर’ झाले होते. वाक्य व्याकरणाने निर्दोष होते, म्हणूनच नुसत्या मराठी वाचनात ते सुटले असते. वीज बंद केल्यावरही यंत्रातील कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार टिकून राहतो आणि ती पाच मिनिटे त्यासाठीच असतात, हे त्यांच्या अभियंत्याला समजावून सांगावे लागले नाही. अशी चूक छपाईनंतर सापडली, तर शुद्धिपत्र, फेरछपाई आणि वाटलेल्या प्रती परत मागवणे हा सगळा खर्च ग्राहकाच्या माथी येतो. त्याचा अंदाज त्यांनीच काढला, आम्ही आकडा सुचवला नाही.

तरीही त्यांचे अंदाजपत्रक खरोखरच अपुरे होते. पुस्तिकेतील 9,000 शब्द सुट्या भागांच्या याद्यांचे होते, ज्यांत नावे आणि क्रमांक यांपलीकडे काही नव्हते. तेवढ्यांचे दुसरे वाचन वगळले. क्रमांक छपाईपूर्व तपासणीत ताडले जातातच. एकूण बिल 6 टक्क्यांनी उतरले, प्रत्येक टप्प्याचा दर मात्र तोच राहिला, आणि काय वगळले आहे हे दरपत्रकावर लिहून दिले. ही सवलत नव्हे, कामच कमी झाले. हा फरक आम्ही जपतो, कारण नुसत्या मागणीवर दर उतरवला तर पहिला आकडा फुगवलेला होता असेच ग्राहकाने समजावे, आणि न मागता पूर्ण दर देणाऱ्या जुन्या ग्राहकांना आमच्याकडे उत्तर नसावे.

दुसरे वाचन सगळ्यांनाच हवे असते असेही नाही. केवळ कार्यालयात मजकूर समजून घेण्यासाठी अनुवाद हवा असेल, तर आम्ही स्वतःहून एका वाचनाचे, कमी खर्चाचे काम सुचवतो.

बिल कमी व्हावे असे वाटत असल्यास विनंतीसोबत तीन गोष्टी कळवाव्यात: पुस्तिका कोणाच्या हाती जाणार आहे, तिचा कोणता भाग आधीच्या आवृत्तीतून जसाच्या तसा आला आहे, आणि तुमची खर्चाची मर्यादा किती आहे. जुन्या आवृत्तीची फाइलही जोडावी. न बदललेली वाक्ये मोजून वेगळी काढता येतात आणि ती पुन्हा अनुवादित करावी लागत नाहीत. नवे दरपत्रक कामकाजाच्या दोन दिवसांत मिळेल.