कैरीचे पन्हे व मीठ-लिंबाचे पाणी (उन्हाचा थकवा)

ऊन लागल्यावर मराठवाड्यात घरोघरी दिली जाणारी दोन पेये. हळद शिजवण्याचे काम वसमतच्या बाजूला ऐन उन्हात, भट्टीच्या धगीशी चालते. तिथल्या माणसाच्या अंगातून दुपारपर्यंत दोन लिटर घाम सहज जातो. एका लिटर घामात साधारण २ ते ३ ग्रॅम मीठ असते, म्हणजे पाण्यासोबत सुमारे ५ ग्रॅम मीठही गेलेले असते. नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ आणखी पातळ होते, पोटऱ्यांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. या पेयांनी भरून काढायचे ते पाणी आणि मीठच. साखरेचे काम मदतनिसाचे आहे. थोडी साखर सोबत असली की लहान आतडे मीठ आणि पाणी लवकर शोषते.

नेहमीचे पन्हे इथेच कमी पडते. उकडलेल्या कैरीचा १०० ग्रॅम गर, त्याच्या दुप्पट गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून दीड लिटर पन्हे केले, तर लिटरमागे सुमारे १३० ग्रॅम गूळ पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्षारसंजीवनीत लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. म्हणजे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे हे पन्हे क्षारसंजीवनीच्या जवळपास दहापट गोड. इतके गोड पेय जठरात रेंगाळते, पोट जड होते आणि तहान नीट भागत नाही.

शेतावर न्यायचे पन्हे वेगळे करावे. गर आणि पाणी तेवढेच ठेवून गूळ ४० ग्रॅमवर आणावा आणि सपाट पाऊण चमचा मीठ घालावे (चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा). लिटरला २७ ग्रॅम गूळ आणि अडीच-पावणेतीन ग्रॅम मीठ पडते. चव आंबट-खारट लागते. भाजलेले जिरे घातले की पिववते.

मीठ-लिंबाचे पाणी याहून सोपे: एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, एका लिंबाचा रस. लिंबाने चव येते, क्षारांत फारशी भर पडत नाही. पोटॅशियम दोन्हींत थोडेच, म्हणून जुलाब लागले असतील तर क्षारसंजीवनीचे पाकीटच वापरावे. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागले तर मीठ जास्त झाले. त्यात पाणी वाढवावे.

ही पेये सावलीत बसवून, घोट-घोट, शुद्धीवर असलेल्या माणसालाच द्यावीत. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी गूळ-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले किंवा झटके आले तर तो उष्माघात समजावा. तोंडाने काहीही देऊ नये. अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.