टाकी उपसण्याची वर्गणी: वाई आणि सिन्नरच्या योजनेमागचा इतिहास

वाईत 2018 साली आणि पाठोपाठ सिन्नरमध्ये नगरपरिषदेने संडासच्या टाक्या स्वतःहून उपसायला सुरुवात केली. शहराचे भाग पाडले आणि तीन वर्षांत प्रत्येक घराची पाळी येईल असे वेळापत्रक लावले. टँकर दारात आला की त्याच्या हातात पैसे द्यायचे नाहीत. खर्च वर्षाच्या पट्टीबरोबर, स्वच्छता कराच्या रूपाने, थोडा थोडा वसूल होतो. सेवा कधीतरी लागणार, पैसे मात्र दरवर्षी भरायचे. लिफ्टच्या किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या वार्षिक देखभाल करारात लोकांनी हे कधीच स्वीकारले आहे. मैल्याच्या बाबतीत ते मान्य व्हायला वेळ लागला.

त्याआधीची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. टाकी तुंबली की फोन करायचा, टँकर बोलवायचा आणि खेपेचे पैसे मोजायचे. त्यामुळे आठ-दहा वर्षे टाकीकडे कोणी पाहत नसे. भांडे तुंबले किंवा चेंबरमधून पाणी वर आले की मगच आठवण व्हायची. शिफारस मात्र दोन-तीन वर्षांनी उपसण्याची आहे.

इथे एक गैरसमज आड येतो आणि वसुलीची अर्धी भांडणे त्यातूनच होतात. ‘आमची टाकी अजून भरलेली नाही,’ असे घरमालक सांगतो. पण सेप्टिक टँक वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पाण्याने भरते आणि पुढे कायम भरलेलीच असते. जेवढे आत येते तेवढे दुसऱ्या टोकाने बाहेर जाते. मोजायचा असतो तो तळाचा गाळ. पाच माणसांच्या घरासाठी भारतीय मानकात दिलेली टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि साधारण एक मीटर पाण्याच्या खोलीची असते, म्हणजे सुमारे 1,100 लिटरची. माणशी वर्षाला 40 लिटर गाळ धरला तरी तीन वर्षांत 600 लिटर होतो. अर्ध्याहून अधिक जागा गेली की येणाऱ्या मैल्याला बसायला वेळच मिळत नाही आणि तो पाण्याबरोबर सरळ बाहेर पडतो. घरात काहीही कळत नाही, कारण भांडे व्यवस्थित वाहते. कळते ते मागच्या गटाराला आणि पुढे नदीला. वाईत ती नदी कृष्णा आहे.

म्हणजे घरमालकाला टाकी उपसण्याची निकड वाटते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते. मागणीनुसार सेवा इथे निकामी ठरते ती याच कारणाने.

ही कल्पना जगात नवी नव्हती. मलेशियाने 1993 च्या कायद्यानंतर मलनिस्सारण एका खासगी कंपनीकडे सोपवले आणि सेप्टिक टँक असलेल्या घरांनाही दरमहा बिल लावले. साध्या घराला ते सहा रिंगिट होते. काही वर्षांतून एकदा टाकी उपसून मिळणार होती. लोकांनी बिले थकवली. पाण्याचे बिल थकले तर नळ तोडता येतो. मैल्याचे बिल थकवणाऱ्याचे काय तोडणार? 2000 साली सरकारला ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली. 2008 पासून नवा कायदा लागू झाला, ठरल्या वेळी उपसण्याची जबाबदारी मालकावर गेली आणि टाक्या उपसण्याचे प्रमाण घसरले. फिलिपिन्समधल्या दुमागेते शहराने वेगळी वाट धरली. त्यांनी पाण्याच्याच बिलात दर घनमीटरला दोन पेसो जोडले. स्वतंत्र बिलच नाही, मग थकवणार काय?

आपल्याकडे खरा वाद याच मुद्द्यावर झाला: पैसे सेवेचे शुल्क म्हणून घ्यायचे की कर म्हणून? शुल्काच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा वरवर न्याय्य वाटतो. ज्याची टाकी उपसली त्याने द्यावे. मोठ्या टाकीच्या वाड्यात दोन म्हातारी माणसे राहत असतील, तर तीन वर्षांत तिथे गाळ फारसा साचत नाही, मग त्यांनी दरवर्षी का भरावे? ज्यांच्या टाकीवर फरशी घातली आहे आणि झाकणच सापडत नाही, त्यांनी ‘आमच्याकडे तुम्ही आलाच नाहीत’ म्हटले तर काय उत्तर द्यायचे? या तक्रारी खोट्या नाहीत.

तरीही कराचाच निर्णय बरोबर होता, असे मला वाटते. शुल्क ठेवले की नाही म्हणायची मुभा राहते आणि मुभा असेल तर मूळची सवय परत येते. दारात टँकर उभा असताना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणे फार सोपे असते. कर आधीच भरलेला असला की घरमालकाचा हिशेब उलटतो, पैसे गेलेच आहेत तर उपसून घेऊ. शिवाय उघड्या गटारात जाणारी घाण त्या एका घरापुरती राहत नाही, ती खालच्या आळीतल्या सगळ्यांच्या वाट्याला येते. तिचा खर्च सर्वांनी मिळून उचलणे योग्यच आहे.

या वादात एक गोष्ट मागे पडली आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. पूर्वी टँकरवाल्याला पैसे घरमालक द्यायचा, तेही टाकी रिकामी झाल्याक्षणी. त्यापुढे मैला कुठे जातो याच्याशी पैशाचा संबंध संपलेला असे. मग लांबच्या केंद्रापर्यंत डिझेल कोण जाळणार? जवळचा नाला किंवा शेताचा बांध त्याला परवडायचा. नव्या पद्धतीत कंत्राटदाराला नगरपरिषद पैसे देते. किती टाक्या उपसल्या आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर पोचला का, हे पाहून ते देते. घरमालकाची सही असलेला कागद आणि केंद्रावरची नोंद जुळली पाहिजे. ठरल्यापेक्षा काम कमी झाले तर कपात होते.

कंत्राटाची ही बाजू रस्त्यांच्या कामातून आली. महामार्गांच्या ॲन्युइटी करारांत ठेकेदार टोल वसूल करत नाही, सरकार त्याला ठरावीक हप्ते देते. वाई-सिन्नरमध्ये त्याला कामाच्या मोजमापाची जोड मिळाली. लहान नगरपरिषदा बिले थकवतात ही ठेकेदारांची जुनी तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून कराच्या पैशासाठी वेगळे एस्क्रो खाते ठेवले गेले, म्हणजे ती रक्कम दुसऱ्या कामाला वळवता येऊ नये.

प्रत्यक्ष उपशात अडचण येते ती झाकणाची. टाकी अनेकदा जिन्याखाली, न्हाणीघराखाली किंवा दुकानाच्या ओट्याखाली असते. फरशी फोडावी लागणार म्हटले की घरमालक नकार देतो, आणि ती पुन्हा बसवायची कोणी यावर गाडी अडते. अरुंद बोळात मोठा टँकर शिरत नाही, मग लांब पाइप किंवा छोटी गाडी लागते. संरक्षक साधनांशिवाय आत माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे तळाला दगडासारखा घट्ट झालेला जुना गाळ आधी पाणी मारून सैल करावा लागतो. आठ-दहा वर्षे न उघडलेल्या टाक्यांत हा वेळ फार जातो. दुसऱ्या फेरीत गाळ तीनच वर्षांचा आणि पातळ असतो, तो पाइपने सहज ओढला जातो.

वाड्यातल्या त्या दोन म्हाताऱ्या माणसांची तक्रार मात्र अजून सुटायची आहे. पहिल्या फेरीत प्रत्येक टाकीतल्या गाळाची खोली काठीने मोजून लिहून ठेवली असेल, तर पुढच्या फेरीत कोणाकडे तीन वर्षांनी जायचे आणि कोणाकडे पाच वर्षांनी, हे ठरवता येईल. ती नोंद नसेल तर सगळ्यांना एकच वेळापत्रक लावण्यावाचून नगरपरिषदेपुढे मार्ग राहत नाही.