तासाभरात काढलेली स्टोरी आणि १९०२ सालचा आरसा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा लातूरहून गावी आला होता. अकरावीला आहे, ट्यूशन एरियात खोली करून राहतो. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात सोयाबीनची रास चालू होती. मळणीयंत्राशेजारी, डोक्यापासून पायापर्यंत भुसकटाने माखलेल्या अवतारात त्याने स्वतःचा फोटो काढला आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरीला लावला. तासाभरात काढूनही टाकला.

"कशाला काढलास रे?"

"मामा, क्लासमधल्या एका पोरानं बघितली ना."

"मग काय म्हणला?"

"काहीच म्हणला नाही, तेच तर!"

चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाला हे उत्तर फार आवडलं असतं. मिशिगन विद्यापीठात शिकवणारा हा बुजरा माणूस. वडील नामांकित न्यायाधीश, स्वतःची प्रकृती तरुणपणी नाजूक. मोठमोठ्या पाहण्या करण्यापेक्षा तो घरातल्या स्वतःच्या लेकरांचं बोलणं-वागणं टिपून ठेवायचा. १९०२ साली त्याने मांडलं की 'मी कोण' हे माणसाला दुसऱ्याच्या आरशात पाहून कळतं. ही कल्पना 'आरशातला स्व' म्हणून ओळखली जाते.

या आरशाच्या तीन पायऱ्या आहेत. मी समोरच्याला कसा दिसत असेन, याची कल्पना. त्या दिसण्यावर तो काय मत बनवत असेल, याची कल्पना. आणि त्यातून स्वतःबद्दल उठणारी भावना, अभिमानाची किंवा खजील होण्याची. भाच्याच्या बाबतीत: मी भुसकटात दिसलो, तो मला गावठी म्हणत असणार, लाज वाटली, स्टोरी गेली. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या पूर्णपणे त्याच्याच डोक्यात घडल्या. ॲपने दिलं ते एवढंच, पाहणाऱ्यांच्या यादीत एक नाव. स्टोऱ्या एकामागून एक आपोआप पुढे सरकतात, त्यामुळे नाव दिसलं म्हणजे त्या पोराच्या फोनवर ती उघडली, इतकंच कळतं. त्याने नीट पाहिली का, हेसुद्धा कळत नाही. मताची गोष्ट तर लांबच.

गंमत म्हणजे तोच फोटो त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला दिवसभर राहिला. तिथे बघणारे चुलते, आत्या, गावातले दोस्त. कूलीने हेही सांगून ठेवलंय: साध्या आरशापेक्षा हा आरसा वेगळा, कारण कुणाच्या नजरेत आपण दिसतोय त्यावर भावना ठरते. शूर माणसासमोर भित्रं दिसण्याची लाज वाटते, सरळ माणसासमोर आडवळणी दिसण्याची. राशीवर राबणाऱ्या चुलत्यांसमोर भुसकटाची लाज कशाला वाटेल?

कूलीचा मिशिगनमधला काही वर्षांचा सहकारी जॉर्ज हर्बर्ट मीड पुढे शिकागोला गेला. त्याचा कूलीवर आक्षेप होता की याने सगळा समाज माणसाच्या मनात कोंडला. मीडच्या मते 'स्व' घडतो तो प्रत्यक्ष देवाणघेवाणीतून, खूण आणि प्रतिसादातून. त्याने उदाहरण बेसबॉलचं दिलं. आपण कबड्डी घेऊ. चढाईला गेलेल्या गड्याला समोरचे सातही गडी काय करतील हे एकदम डोक्यात धरावं लागतं. असं करता करता मुलाच्या मनात कुणा एकाची नव्हे, सगळ्यांची मिळून एक नजर तयार होते. मीडच्या या 'सामान्यीकृत इतरां'ना मराठीत नाव आधीपासून होतं: चार लोक. 'चार लोक काय म्हणतील' मधले ते चौघे कोण, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मीडचं प्रसिद्ध पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९३४ साली, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून निघालं. या विचाराला 'प्रतीकात्मक आंतरक्रियावाद' हे जडशीळ नाव दिलं ते हर्बर्ट ब्लूमरने, १९३७ मध्ये. त्याचं म्हणणं मात्र सोपं होतं. माणूस वस्तूशी वागतो तो तिच्या अर्थाप्रमाणे, हा अर्थ एकमेकांच्या व्यवहारात तयार होतो, आणि माणूस तो स्वतः लावतो, बदलतो. भुसकट तेच, पण स्टेटस बघणाऱ्या चुलत्यांसमोर ते कष्ट आणि क्लासमधल्या पोरासमोर मागासपणा.

आरसा किती खरा दाखवतो, हा प्रश्न उरलाच होता. १९७९ साली श्राउगर आणि शोनमन या दोघांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. लोकांना आपल्याबद्दल काय वाटत असेल असं माणूस समजतो, त्याच्याशी त्याचं स्वतःबद्दलचं मत चांगलं जुळत होतं. लोकांना प्रत्यक्षात काय वाटतं, त्याच्याशी तेवढं जुळत नव्हतं. म्हणजे कूलीने 'कल्पना' हा शब्द उगीच वापरला नव्हता.

सुट्टी संपवून भाचा लातूरला परतला. आठवड्याने फोन केला, तेव्हा मी विचारलं, त्या पोराचं काय झालं. त्याने म्हणे स्वतःहून विचारलं होतं, "मळणीयंत्र तुमचं घरचंय का भाड्याचं?"

"मग झालं की! त्याला कौतुकच वाटलं असंल."

"नाही हो मामा," भाचा म्हणाला, "चेष्टा करायलता."