गॉसच्या पद्धतीत n चा घन येतो कुठून? मोजणीची थोडी पार्श्वभूमी

गॉसच्या पद्धतीत एकेक अज्ञात घालवत समीकरणं सोडवतात, आणि समीकरणं दुप्पट केली की हे काम आठपट होतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि आपण पाठ करून टाकतो. पण हा घन नक्की कुठून आला आणि तो मोजायची गरज कुणाला पडली, हे बघितलं की सूत्र पाठ करावंच लागत नाही.

पद्धत गॉसच्या खूप आधीची आहे. चीनच्या ‘नऊ अध्याय’ या जुन्या गणितग्रंथाच्या आठव्या अध्यायात धान्याच्या पेंढ्यांचं गणित आहे: उत्तम 3, मध्यम 2, हलकी 1 पेंढी मिळून 39 मापं धान्य, मग 2, 3, 1 मिळून 34, आणि 1, 2, 3 मिळून 26. प्रत्येक प्रकारच्या एका पेंढीत धान्य किती? तिथे अपूर्णांक टाळायला आडवे गुणाकार केलेत, आपण आजच्या पद्धतीने करू आणि करता करता मोजू.

दुसऱ्या ओळीतला पहिला आकडा घालवायचा तर आधी 2 भागिले 3, हा एक भागाकार. मग पहिल्या ओळीतल्या 2, 1 आणि 39 ला या 2/3 ने गुणून दुसऱ्या ओळीतून वजा करायचं, म्हणजे तीन गुणाकार, आणि उरतं 5/3, 1/3 आणि 8. तिसऱ्या ओळीला पुन्हा तेवढंच. म्हणजे पहिल्या फेरीत एकूण 8 क्रिया (वजाबाक्या तूर्तास सोडून देऊ). दुसऱ्या फेरीत एकच ओळ आणि तीही आखूड, त्यामुळे 3. मग शेवटून वर चढत उत्तरं काढायला 6. एकूण 17, आणि उत्तर हलक्या पेंढीला 11/4, मध्यमला 17/4, उत्तमला 37/4.

आता n समीकरणं घ्या. पहिल्या फेरीत खाली n−1 ओळी, प्रत्येक ओळीत बदलायचे n−1 आकडे (उजवी बाजू आणि भागाकार वेगळे धरले तर), म्हणजे (n−1) चा वर्ग. पुढच्या फेरीत (n−2) चा वर्ग, मग (n−3) चा, असं एकपर्यंत. घन इथेच तयार होतो, कारण हे सगळे चौरस एकमेकांवर रचले की पिरॅमिड होतो, आणि त्याचं घनफळ बाहेरच्या घनाच्या साधारण एक तृतीयांश. अशा चौरसांच्या राशीची बेरीज आर्यभटाने 499 सालच्या आर्यभटीयात दिली आहे: एक ते m पर्यंतच्या वर्गांची बेरीज m(m+1)(2m+1)/6. त्यात m च्या जागी n−1 टाका, भागाकार, उजवी बाजू आणि वर चढायचं काम मिळवा, की गुणाकार-भागाकारांचा पक्का आकडा येतो:

```
n^3/3 + n^2 - n/3
```

n = 3 ला 9 + 9 − 1 = 17, वर मोजलं तेच. मला हे फार आवडतं, की 1/3 हा कुठला अंदाज नाही, तो पिरॅमिडचाच एक तृतीयांश आहे.

गॉसने स्वतः हे काम ग्रहगणितासाठी केलं. 1810 मध्ये पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेवरचं त्याचं लेखन आलं, त्यात सहा अज्ञात होते आणि पद्धत होती लघुतम वर्गांची. तिथली समीकरणं कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखीच असतात, म्हणून अर्धाच तक्ता सांभाळावा लागतो आणि n³/3 चं n³/6 होतं. पुढे शतकभर जमीन मोजणाऱ्या खात्यांनी हीच युक्ती वापरली. अमेरिकेच्या कोस्ट सर्व्हेतल्या डूलिटलने 1878 च्या सुमारास 41 समीकरणं कागद-पेन्सिलीवर आठवड्याभरात सोडवली होती. n = 41 ला अर्ध्या तक्त्याचे सुद्धा अकरा-बारा हजार गुणाकार होतात, तेव्हा त्या काळी लोक काम वाचवायला एवढे का धडपडत होते ते कळतं.

मोजणी स्वतःच विषय झाली ती इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत. 1946 मध्ये तिथे 18 समीकरणांचा एक संच सोडवायला आला, आणि फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि विल्किन्सन अशा चौघांनी तो टेबलावरच्या गणनयंत्रांवर केला. सूत्रात 18 टाका: 2262 गुणाकार-भागाकार. 36 समीकरणं असती तर 16836, म्हणजे साडेसात पट. बरोब्बर आठपट नाही, कारण n छोटा असताना n² वाली पदं अजून जाणवतात, आणि हे लक्षात ठेवलेलं बरं कारण छोट्या n वर वेळ मोजून ‘घन दिसत नाही’ म्हणणारे खूप भेटतात.

त्या चौघांनी दर फेरीत उरलेल्या सगळ्या तक्त्यातला सर्वात मोठा आकडा शोधून त्याला पिव्होट, म्हणजे ज्याने भागून बाकीचे आकडे घालवायचे तो आकडा, केलं होतं. म्हणजे दर फेरीला एक अख्खा चौरस नजरेखालून घालायचा, परत तोच पिरॅमिड, n³/3 तुलना. माणसाची नजर भरकन फिरते म्हणून ते परवडलं, यंत्राला मात्र प्रत्येक तुलना करावीच लागते, म्हणून आज बहुतेक ठिकाणी फक्त एका कॉलममध्ये शोधतात आणि तो खर्च n²/2 वर येतो.

दोन वर्षांनी, 1948 च्या पेपरमध्ये ट्युरिंगने काम मोजायची रीतच मांडली. कच्चं का होईना पण काहीतरी माप हवं, असं म्हणून त्याने मॅट्रिक्सच्या, म्हणजे अशा आकड्यांच्या तक्त्यांच्या, कामात दोनच गोष्टी मोजायच्या ठरवल्या, गुणाकार किती आणि कागदावर आकडे किती वेळा लिहायचे. ही दुसरी मोजणी लोक विसरतात. साध्या पद्धतीत प्रत्येक वजाबाकीनंतर नवा आकडा लिहावा लागतो, म्हणजे लिहिणं सुद्धा n³/3 च्या घरात. पण नंतर आलेल्या क्राउट या गणितज्ञाच्या मांडणीत बरेच गुणाकार यंत्रातच साठवत बेरीज होते आणि शेवटचाच आकडा उतरवतात, म्हणून लिहिणं n² च्या घरात येतं, गुणाकार मात्र तेवढेच. आज कागदाच्या जागी मेमरी आली एवढंच. सारखेच गुणाकार करणारे दोन प्रोग्राम वेळेत कितीतरी वेगळे निघतात ते यामुळेच.

वजाबाक्या तेव्हा का सोडल्या? कारण टेबलावरच्या यंत्रावर वेळ गुणाकाराला लागायचा. कॉम्प्युटरवर दोन्ही सारखेच महाग झाले, मग वजाबाक्याही धरल्या आणि 2n³/3 झालं. काही पुस्तकांत 1/3 आणि काहींत 2/3 दिसतं त्याचं कारण एवढंच, चूक कुणाचीच नाही.

मग घनापेक्षा कमी होऊच शकत नाही का? 1965 मध्ये क्ल्युयेव्ह आणि कोकोव्हकिन-श्चेरबाक यांनी सिद्ध केलं की अख्ख्या ओळींची आणि कॉलमांचीच उलाढाल करत राहिलात तर यापेक्षा स्वस्त जमणार नाही. चारच वर्षांनी स्ट्रासेन या गणितज्ञाने दाखवलं की तक्त्याचे तुकडे करून 2×2 चा गुणाकार आठऐवजी सात गुणाकारांत केला तर घातांक 3 वरून साधारण 2.81 वर येतो. दोघांचंही बरोबर, कारण स्ट्रासेन ओळी-कॉलमांच्या चौकटीतच राहिला नाही. मात्र त्याचा फायदा दिसायला n बराच मोठा लागतो आणि आकड्यांची अचूकताही थोडी ढिली पडते, म्हणून रोजच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत घनच चालतो.

आणि एका ठिकाणी तर घन नियमानेच बांधलाय. जगातल्या सुपरकॉम्प्युटरांची टॉप500 यादी, ज्यात नोव्हेंबर 2020 मध्ये पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय 63 व्या क्रमांकावर होता, ती एक भलामोठा समीकरणसंच सोडवायला लावून बनते. वेग काढताना 2n³/3 आणि वर n² च्या घरातली थोडी भर एवढ्या क्रिया धरून लागलेल्या वेळेने भागतात. स्ट्रासेनसारखी पद्धत वापरायला तिथे बंदी आहे, कारण तशाने प्रत्यक्षात कमी क्रिया करून श्रेय मात्र पूर्ण पिरॅमिडचं मिळालं असतं.